पुठ्ठ्याला गोल भोक पाडलं की तोल कुठे सरकतो? मोमेंट घेऊन सेंटर ऑफ मास काढायची पद्धत

माझी भाची यंदा अकरावी सायन्सला आहे. परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, भोकाचं मास मायनस का घ्यायचं? मास कधी मायनस असतं का?" क्लासमध्ये त्यांना सांगितलंय की भोक म्हणजे निगेटिव्ह मास समजा आणि फॉर्म्युल्यात टाका, तिने ते पाठ केलं, पण पेपरात वरच्या ओळीत मायनस केलं आणि खाली भागताना विसरली, त्यामुळे सगळं गणित बरोबर मांडूनही उत्तर गेलं. मला तिचा प्रश्न फार आवडला कारण खरंच, मायनस मास नावाची वस्तू या गणितात कुठेच लागत नाही. मग आम्ही खोक्याचा पुठ्ठा काढला, कात्री काढली आणि जमिनीवर बसलो. त्या दिवशी जे केलं तेच इथे क्रमाने लिहितोय, पहिल्यांदाच हे शिकणाऱ्यांसाठी.

आधी पुठ्ठा घ्या. ३० सेमी लांब आणि २० सेमी उंच असा आयत आखून कापा, कोपरे नीट काटकोनात असू देत. पुठ्ठा दुमडलेला किंवा ओला होऊन फुगलेला नको, कारण आपण पुढे असं धरणार आहोत की त्याची जाडी सगळीकडे सारखी आहे. आता डाव्या कडेपासून २१ सेमी आणि खालच्या कडेपासून १३ सेमी अशी एक खूण करा आणि तिथे कंपासचं टोक ठेवून ५ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. पण अजून कापू नका! सगळी गंमत कापायच्या आधीच्या क्षणात आहे.

मोमेंट म्हणजे काय हे ज्यांना माहितीय त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. बाकीच्यांनी कावड डोळ्यासमोर आणा. दीड मीटरचा बांबू, एका टोकाला १० किलोची घागर, दुसऱ्या टोकाला ५ किलोची, आणि बांबूचं स्वतःचं वजन सोडून द्या. खांदा मधोमध दिला तर जड घागर खाली जाणार, म्हणून माणूस आपोआप खांदा जड घागरीकडे सरकवतो. किती? जड घागरीपासून ५० सेमीवर, म्हणजे हलक्या घागरीपासून १०० सेमीवर. १० × ५० = ५०० आणि ५ × १०० = ५००, दोन्ही बाजू सारख्या. हा वजन गुणिले अंतर असा जो गुणाकार आहे तोच मोमेंट, मराठी पुस्तकात त्याला आघूर्ण म्हणतात. खांदा जिथे दिल्यावर कावड आडवी राहते तोच तिचा सेंटर ऑफ मास, वस्तुमानकेंद्र.

अंतर खांद्यापासूनच मोजलं पाहिजे असं नाही, ते कुठल्याही एका ठरलेल्या जागेपासून मोजता येतं. आपण पुठ्ठ्याची डावी कड धरू. समजा पुठ्ठा आडवा धरलाय आणि डाव्या कडेला दाराच्या बिजागरीसारखा जोडलाय. सगळा पुठ्ठा आपल्या वजनाने त्या बिजागरीभोवती खाली वळायला बघतोय. अख्ख्या पुठ्ठ्याचं वजन त्याच्या मधल्या बिंदूत गोळा झाल्यासारखं वागतं आणि तो बिंदू डाव्या कडेपासून १५ सेमीवर आहे, म्हणजे मोमेंट झाला अख्ख्या पुठ्ठ्याचं वजन गुणिले १५.

पण वजन कुठे माहितीय आपल्याला? माहिती नाही आणि लागणारही नाही, इथेच क्षेत्रफळ कामाला येतं. पुठ्ठा सगळीकडे सारखा असेल तर त्याच्या प्रत्येक चौरस सेमीचं वजन सारखंच, मग ते जे काही असेल ते. पुढे जे समीकरण येणार आहे त्याच्या प्रत्येक पदात हे एका चौरस सेमीचं वजन गुणलेलं असेल, म्हणजे ते दोन्हीकडून कटून जाणार. म्हणून वजनाच्या जागी सरळ क्षेत्रफळ लिहायचं. अख्खा पुठ्ठा ३० × २० म्हणजे ६०० चौसेमी. वर्तुळ ३.१४ × ५ × ५ म्हणजे ७८.५ चौसेमी. आणि वर्तुळ काढून टाकल्यावर जे उरणार ते ६०० वजा ७८.५, म्हणजे ५२१.५ चौसेमी. हे तीन आकडे वहीत एका ओळीत लिहून ठेवा, तिसरा आकडा तर नक्कीच, कारण बहुतेकांची चूक तोच न लिहिल्यामुळे होते.

आता तो क्षण. ब्लेडने वर्तुळाच्या रेषेवरून पूर्ण काप द्या पण चकती बाहेर काढू नका, जागच्या जागी बसू द्या. पुठ्ठ्याचं काही बदललं का? काहीच नाही. वजन तेवढंच, मधला बिंदू तिथेच. फक्त आता तो दोन तुकड्यांचा बनलाय, एक भोकवाला तुकडा आणि एक चकती. मग अख्ख्याचा मोमेंट म्हणजे या दोघांच्या मोमेंटची बेरीज असणारच. भोकवाल्या तुकड्याचा सेंटर ऑफ मास डाव्या कडेपासून x सेमीवर आहे असं धरा, तो आपल्याला माहीत नाही, तोच काढायचाय. चकतीचा मात्र माहितीय, तिच्या मधोमध, म्हणजे २१ सेमीवर. तर मग

६०० × १५ = ५२१.५ × x + ७८.५ × २१

बघा, सगळीकडे अधिकच आहे. मायनस मास वगैरे काही नाही. आता सोडवा.

९००० = ५२१.५x + १६४८.५
५२१.५x = ७३५१.५
x = १४.१० सेमी

मायनस आला तो फक्त चकतीचं पद दुसऱ्या बाजूला नेताना. आणि ५२१.५ ने भागायचंय हे लक्षात ठेवावं लागलं नाही कारण x च्या शेजारी तोच आकडा उभा होता. भाचीला मी एवढंच सांगितलं की फॉर्म्युला विसर, "अख्खा म्हणजे उरलेला अधिक चकती" हे एक वाक्य लिही आणि त्याखाली आकडे भर.

दुसरी दिशा तशीच. आता बिजागरी खालच्या कडेला. अख्ख्याचा मध्य खालून १० सेमीवर, चकतीचा १३ वर.

६०० × १० = ५२१.५ × y + ७८.५ × १३
६००० = ५२१.५y + १०२०.५
y = ९.५५ सेमी

म्हणजे भोकवाल्या पुठ्ठ्याचा सेंटर ऑफ मास डाव्या कडेपासून १४.१० आणि खालून ९.५५ सेमीवर. पेन्सिलने तिथे फुली मारा, अख्ख्याच्या मध्यावर म्हणजे १५, १० वर एक ठिपका द्या, आणि चकतीच्या मध्यावरही ठिपका द्या.

उत्तर आलं की लगेच पुढच्या गणिताकडे पळू नका, आधी हे तीन बिंदू बघा. पहिलं म्हणजे फुली भोकापासून लांब सरकलेली हवी. भोक उजवीकडे वर आहे, तिथलं वजन गेलं, तर तोल डावीकडे खाली जाणार, आणि आपली फुली तशीच आहे. दुसरी खूण जास्त कडक आहे, तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत यायलाच हवेत. हे आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय की एखाद्या वस्तूतून तुकडा काढला तर उरलेल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे इथे आपला सेंटर ऑफ मास, त्याच रेषेवर पलीकडच्या बाजूला जातो. आकड्यात बघायचं तर चकतीचा मध्य अख्ख्याच्या मध्यापासून उजवीकडे ६ आणि वर ३, म्हणजे दोनास एक. आपली फुली मध्यापासून डावीकडे ०.९० आणि खाली ०.४५, तेही दोनास एक. जमलं.

ही दोनास एक वाली तपासणी कशी चूक पकडते ते भाचीच्या पेपरवर दिसलं. तिने वर ७३५१.५ बरोबर काढले होते पण भागले ६०० ने, अख्ख्याने. मग येतं x = १२.२५ आणि y = ८.३०. दिशा बरोबरच दिसते, डावीकडे खाली, त्यामुळे पहिल्या नजरेत शंकाच येत नाही. पण सरकणं बघा, डावीकडे २.७५ आणि खाली १.७०. हे काही दोनास एक नाही! बिंदू रेषेवरून घसरलाय म्हणजे कुठेतरी भागाकार चुकलाय.

दुसरी चूक म्हणजे चकतीचा मोमेंट वजा करायच्या ऐवजी मिळवणं. (९००० + १६४८.५) भागिले ६७८.५ केलं तर १५.६९ येतं, म्हणजे तोल भोकाकडे सरकला. हे उत्तर मला फार शिकवणारं वाटतं कारण ते निरर्थक नाहीये, ते दुसऱ्याच प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे. भोक न पाडता त्याच जागी तेवढीच आणखी एक चकती डिंकाने वर चिकटवली असती तर तोल बरोबर तिथे गेला असता. म्हणून अधिक की वजा असा गोंधळ झाला की स्वतःला विचारायचं, मी चकती काढली की चिकटवली?

तिसरी चूक मुलं शॉर्टकटच्या नादात करतात. शॉर्टकट असा की अंतरं कडेपासून न मोजता अख्ख्याच्या मध्यापासूनच मोजायची, मग अख्ख्याचा मोमेंट शून्य होतो आणि गणित एका ओळीत संपतं:

६०० × ० = ५२१.५ × x + ७८.५ × ६
x = −०.९०

वजा म्हणजे मध्याच्या डावीकडे, ०.९० सेमी. सुंदर आहे, मी पण असंच करतो. पण घाईत काहीजण अख्ख्याचं अंतर कडेपासून घेतात म्हणजे १५ आणि चकतीचं मध्यापासून घेतात म्हणजे ६, मग (९००० − ४७१) भागिले ५२१.५ करून १६.३५ येतं. वजा करूनही तोल भोकाकडे गेला, हे होऊच शकत नाही, म्हणजे दोन वेगळ्या जागांवरून मोजलंय. बिजागरी एकदा ठरवली की तिन्ही अंतरं तिथूनच.

आणि एक चूक अशी आहे की वरची एकही तपासणी ती पकडत नाही. भोकाचा व्यास १० दिलेला असतो आणि तोच त्रिज्या म्हणून वापरला जातो. मग क्षेत्रफळ चौपट, ३१४ चौसेमी. बिंदू रेषेवरच येतो, भोकापासून लांबच जातो, पण भलताच लांब, नुसता डावीकडेच साडेसहा सेमी. इथे डोळ्याने अंदाज घ्यायचा, ३१४ म्हणजे ६०० च्या अर्ध्याहून जास्त, आणि पुठ्ठ्यावर ते वर्तुळ तर साधारण आठवा भाग दिसतंय.

आता चकती बाहेर काढा आणि खरंच तसं आहे का ते बघू. पेन्सिलच्या बोथट टोकावर फुली ठेवून तोलून बघता येतं, पण हात हलतो, आणि १५, १० वर ठेवलं की १४.१०, ९.५५ वर ठेवलं यातला फरक जेमतेम एक सेमीचा, त्यामुळे मन भरत नाही. त्यापेक्षा ओळंबा वापरा, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तोच. दोऱ्याला एक नट बांधला की झाला ओळंबा. वरच्या डाव्या कोपऱ्याच्या अगदी जवळ, कडांपासून अर्धा सेमी आत, दाभणाने भोक पाडा, भिंतीत किंवा लाकडात एक बारीक खिळा ठोका, त्यावर पुठ्ठा अडकवा आणि त्याच खिळ्याला ओळंब्याचा दोरा बांधा. पुठ्ठा दोन चार वेळा हलवून सोडा, आपोआप थांबू द्या. लटकलेल्या वस्तूचा सेंटर ऑफ मास टेकूच्या बरोबर खाली येऊन थांबतो, कारण बाजूला असेल तोवर त्याचा खिळ्याभोवती मोमेंट उरतो आणि तो पुठ्ठ्याला वळवत राहतो. म्हणजे दोरा फुलीवरून गेला पाहिजे.

पण फुलीकडे बघायच्या आधी दोरा पुठ्ठ्याची खालची कड कुठे ओलांडतो ते बघा. भोक नसतं तर दोरा कोपऱ्यातून निघून समोरच्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे जवळजवळ ३० सेमीवर गेला असता. भोक पाडल्यावर आपल्या उत्तराप्रमाणे तो खालच्या कडेला डाव्या कोपऱ्यापासून साधारण २७ सेमीवर यायला हवा. एक सेमीचा फरक इथे तीन सेमीचा होऊन दिसतो, फूटपट्टीने सहज मोजता येतो. आमचा आधी पावणेअठ्ठावीस आला, मग कळलं की भोक खिळ्याला घट्ट बसलंय आणि पुठ्ठा नीट फिरतच नाहीये, ते दाभणाने जरा सैल केल्यावर २७ च्या आसपास थांबला. तुमचा दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर कारण बहुधा हेच असेल, घर्षण. दर वेळी एकाच जागी थांबतोय पण चुकीच्या, तर मग पुठ्ठा कुठे दुमडलाय, टेप लागलाय किंवा खोक्याचा दुहेरी पदर राहिलाय का ते बघा, तिथे एका चौसेमीचं वजन सारखं राहिलेलं नाही. अशा वेळी क्षेत्रफळाचं गणित चालतच नाही, भोकवाला तुकडा आणि चकती दोन्ही बारीक काट्यावर तोलून खरी वजनं घ्यावी लागतात, आणि अख्ख्याचा मध्यही १५, १० वर असेलच असं नाही, तो कापायच्या आधीच लटकवून शोधावा लागतो.

पेपरात आयतापेक्षा जास्त येणारा प्रकार म्हणजे गोल तबकडीला गोल भोक. तबकडीची त्रिज्या R, भोकाची R/२, आणि भोक एका बाजूला कडेला टेकलेलं, म्हणजे भोकाचा मध्य तबकडीच्या मध्यापासून R/२ वर. इथे ३.१४ लिहायचीही गरज नाही, त्रिज्या निम्मी म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणून अख्खी ४, चकती १, उरलेली ३. बिजागरी मध्यातून घ्या:

४ × ० = ३ × x + १ × R/२
x = −R/६

म्हणजे मध्यापासून R/६, भोकाच्या उलट बाजूला. इथे घसरण एकच आहे, त्रिज्या निम्मी म्हणून क्षेत्रफळही निम्मं धरणं, मग उरलेलं १ राहतं आणि उत्तर R/२ येतं.

आता याच तबकडीत भोक मोठं मोठं करत गेलं तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. तबकडी १० सेमी त्रिज्येची धरा, भोक कायम कडेला टेकलेलं. भोकाची त्रिज्या ६ केली तर क्षेत्रफळं १०० आणि ३६ अशा प्रमाणात, उरले ६४, भोकाचा मध्य तबकडीच्या मध्यापासून ४ वर. सरकणं ३६ × ४ भागिले ६४, म्हणजे २.२५ सेमी. भोकाची अलीकडची कड मध्याच्या पलीकडे २ सेमीपर्यंत आलेली असते, म्हणजे तोलाचा बिंदू कडेपासून फक्त पाव सेमी आत पुठ्ठ्यावर आहे, पेन्सिलवर जेमतेम तोलता येईल. त्रिज्या ७ केली तर सरकणं ४९ × ३ भागिले ५१, म्हणजे २.८८, पण भोकाची कड ४ पर्यंत पोचलेली. सेंटर ऑफ मास भोकात पडला! तिथे पुठ्ठाच नाही. गणित अजिबात चुकलेलं नाही, सेंटर ऑफ मास वस्तूच्या आतच असला पाहिजे असा काही नियम नाही, बांगडीचा तरी कुठे बांगडीवर असतो. बिंदू नेमका भोकाच्या कडेवर कधी येतो हे काढलं तर दोन त्रिज्यांचं प्रमाण ०.६१८ येतं, तेच सुवर्ण गुणोत्तर. भाचीला मी हे सांगितलं नाही, तिने आपणच ६.१, ६.२ घालून घालून काढलं आणि मग माझ्याकडे बघत बसली.

असा ७ सेमी भोकाचा नमुना घरी करायचा असेल तर भोक कडेला अगदी टेकवू नका, तिथे पुठ्ठा तुटतो, ३ मिमीची पट्टी राहू द्या, म्हणजे भोकाचा मध्य ३ ऐवजी २.७ सेमीवर येईल आणि सरकणं २.५९ होईल. पेन्सिलवर तो तोलणार नाही हे उघड आहे, म्हणून भोकावर पारदर्शक टेपची एक पट्टी ताणून लावा, दोन वेगवेगळ्या जागांवरून लटकवा आणि दोऱ्याची रेघ दोन्ही वेळा पेनाने टेपवर ओढा, त्या दोन रेघा हवेतल्या त्या बिंदूवर एकमेकींना छेदतील.